जुनी करप्रणाली की नवी? वेर्ण्यात नोकरी, फातोर्ड्यात भाड्याचं घर: एका पगाराचा खरा हिशेब

जुलै उजाडला की एकच प्रश्न घेऊन माणसं येतात: "आमच्यासाठी ओल्ड बरी की न्यू?" उत्तर एका वाक्यात हवं असतं आणि ते एका वाक्यात देणारेही पुष्कळ भेटतात. ऑफिसातला कोणीतरी सांगतो, "वजावटी भरपूर असतील तर जुनी." पण भरपूर म्हणजे किती, आणि ज्यांना आपण वजावटी म्हणतो त्यांतल्या किती कागदावर टिकतात, हे कोणी बघत नाही. त्यात गोव्यातल्या जोडप्यांना पोर्तुगीज नागरी संहितेचा एक वेगळा नियम लागू होतो: मालमत्ता दोघांची समाईक, आणि पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं. तो ना ऑनलाइन कॅल्क्युलेटरला ठाऊक असतो, ना मुंबईच्या पेरोल कंपनीला.

म्हणून इथं एकच उदाहरण घेतो आणि ते शेवटपर्यंत नेतो. हिशेब आर्थिक वर्ष २०२५-२६ चा, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२६-२७ चा आहे. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असला तरी या रिटर्नला १९६१ चाच कायदा लागतो. त्यामुळे खालची कलमं तुमच्या फॉर्म १६ वर दिसतील तीच आहेत.

कोण, किती पगार

सुलक्षा (नाव बदललेलं) वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. नवरा अनुदानित शाळेत शिक्षक. लग्नाची नोंदणी गोव्यात, मुलगी सहा वर्षांची, आई त्रेसष्टची आणि सोबतच राहणारी. फातोर्ड्यात महिना २२,००० भाड्याचा फ्लॅट.

फॉर्म १६ प्रमाणे वर्षाचा एकूण पगार १५,००,०००. इथंच पहिली गफलत होते. लोक ऑफर लेटरवरचा सीटीसीचा आकडा घेतात. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते. आपल्याला हवा तो फॉर्म १६ च्या भाग बी मधला एकूण पगार. त्यात सुलक्षाचं मूळ वेतन ६,००,००० (महिना ५०,०००), घरभाडे भत्ता ३,००,०००, उरलेलं विशेष भत्ता आणि इतर.

एप्रिलमध्ये तिनं कंपनीला "जुनी" असं कळवून ठेवलं होतं. त्यासाठी केलेला हिशेब तिच्याच वहीत होता: भाडं २,६४,०००, ८० सी चे १,५०,०००, आरोग्य विमा आणि आईची औषधं मिळून ६८,०००, एनपीएस ५०,०००, शैक्षणिक कर्जाचे हप्ते ४०,००० आणि प्रमाणित वजावट ५०,०००. बेरीज ६,२२,०००. करपात्र उरतात ८,७८,०००, जुन्या दरानं कर उपकरासह ९१,६२४. नव्या प्रणालीत फक्त ७५,००० ची प्रमाणित वजावट, करपात्र १४,२५,०००, कर ९७,५००. म्हणजे जुनीत ५,८७६ रुपये वाचतात. गणित अगदी बरोबर होतं, पण त्यातले निम्मे आकडे कागद मागितल्यावर टिकणारे नव्हते.

घरभाडं: भरलेलं सगळं भाडं माफ होत नाही

घरभाडे भत्त्याची सूट तीन रकमांपैकी सर्वात लहान रकमेइतकी मिळते: प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, मूळ वेतनाचे ४० टक्के, आणि भाड्यातून मूळ वेतनाचे १० टक्के वजा करून उरलेली रक्कम. ५० टक्क्यांची मर्यादा मोजक्या महानगरांना आहे. गोव्यात कुठंही राहा, पणजीत की काणकोणात, ४० टक्केच. (महागाई भत्ता निवृत्तिवेतनात धरला जात असेल तर तो मूळ वेतनात मिळवायचा, खासगी नोकरीत बहुधा तो प्रश्न येत नाही.)

सुलक्षाचे तीन आकडे असे: भत्ता ३,००,०००, ४० टक्के म्हणजे २,४०,०००, आणि २,६४,००० वजा ६०,००० म्हणजे २,०४,०००. सूट २,०४,०००. वहीतल्यापेक्षा साठ हजार कमी, आणि यात तिची काही चूक नाही, नियमच तसा आहे.

आता अडणारा कागद. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की कंपनीला घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. पावत्या मिळतात, पॅन मिळत नाही. सुलक्षाच्या घरमालकाचंही तेच: "पॅन दिला की माझ्यावर टॅक्स येईल." अशा घरमालकाला रागावून उपयोग नाही, त्याचाच हिशेब मांडून दाखवावा. २,६४,००० भाड्यातून कायद्यानं ३० टक्के आपोआप वजा होतात, उरतात १,८४,८००. घरमालकही गोव्याचाच आणि त्याच संहितेखाली असेल तर त्यातले निम्मे बायकोच्या नावे जातात. राहतात ९२,४००. निवृत्त माणसाला नव्या प्रणालीत एवढ्यावर बहुतेक वेळा एक रुपयाही भरावा लागत नाही. सुलक्षानं हेच कागदावर लिहून दाखवलं आणि पॅन मिळाला.

यापेक्षा अवघड प्रकरण घरमालक परदेशी असण्याचं. आपल्याकडे फ्लॅट मडगावात आणि मालक दुबईत, लंडनमध्ये किंवा लिस्बनला हे काही नवल नाही. मालक आयकराच्या दृष्टीनं अनिवासी असेल तर भाड्यातून कर कापण्याची जबाबदारी भाडेकरूची, कलम १९५ खाली, सर्वसाधारणपणे ३० टक्के अधिक उपकर म्हणजे ३१.२ टक्के. महिना ५०,००० च्या वर भाडं असेल तरच कर कापायचा ही सवलत निवासी मालकाच्या बाबतीत आहे. अनिवासी मालकाला अशी खालची मर्यादा नाही. त्यासाठी भाडेकरूला स्वतःचा टॅन काढावा लागतो आणि तिमाही विवरण फॉर्म २७क्यू भरावं लागतं. साध्या नोकरदाराला हे करायला लावणं म्हणजे छळच आहे, पण नियम आहे तो आहे. मालकाच्या भावाच्या किंवा सासूच्या खात्यात भाडं भरून हा प्रश्न सुटत नाही. पावतीवर मालकाचं नाव आणि बँकेत तिसऱ्याचं, हे तर तपासणीत सगळ्यात आधी दिसतं. असा मालक असेल तर जुन्या प्रणालीतली घरभाड्याची सूट मोजताना ही डोकेदुखीही हिशेबात धरा.

आणखी एक: नवऱ्याच्या नावावरच्या फ्लॅटचं भाडं दाखवून सूट घेण्याची युक्ती अधूनमधून कोणीतरी सुचवतो. समाईक मालमत्तेच्या जोडप्यात त्या घराचा अर्धा हिस्सा तुमचाच असतो. स्वतःच्या घराचं भाडं स्वतःला भरता येत नाही.

८० सी: इथं भांडत बसू नका

सुलक्षाचा स्वतःचा पीएफ ७२,०००, स्वतःच्या आयुर्विम्याचा हप्ता ३८,०००, मुलीच्या शाळेची पावती ६४,०००. पावती उघडून बघितली तर शिकवणी शुल्क ४६,००० आणि बाकी बस, उपक्रम शुल्क आणि "विकास निधी". ८० सी मध्ये फक्त शिकवणी शुल्क चालतं. तिनं शाळेकडून नवीन पावती आणायची तयारी केली होती. गरजच नव्हती. ७२ अधिक ३८ अधिक ४६, म्हणजे १,५६,००० आधीच होतात आणि मर्यादा १,५०,००० ची आहे. जिथं मर्यादा आधीच भरली आहे तिथं शाळेच्या कारकुनाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

आई-वडिलांच्या आयुर्विम्याचा हप्ता मात्र ८० सी मध्ये बसत नाही. तो स्वतःचा, जोडीदाराचा आणि मुलांचाच. हे दर वर्षी दोघा-तिघांना तरी सांगावं लागतं.

आईची औषधं: बिल आहे, पण पैसे कसे दिले?

स्वतःच्या कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा २२,००० चा हप्ता ऑनलाइन भरलेला आहे, तो सरळ चालतो. आईचा आरोग्य विमा नाही. साठ वर्षांवरच्या आणि विमा नसलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या औषधोपचाराचा खर्च ८० डी मध्ये ५०,००० पर्यंत घेता येतो. ही तरतूद अनेकांना माहीतच नसते. सुलक्षाला होती. तिनं वर्षभराची सगळी बिलं एका पिशवीत जपून ठेवली होती, एकूण ४६,०००.

पण अट अशी की हा खर्च रोखीनं केलेला नसावा. फार्मसीतून औषधं आई स्वतः आणते, आणि आई रोख देते. बिलांसमोर सुलक्षाचं बँक स्टेटमेंट ठेवून एकेक रक्कम जुळवली तेव्हा यूपीआयनं दिलेली बिलं फक्त १९,००० ची निघाली. उरलेल्या २७,००० ची बिलं खरी आहेत, त्यांवर जीएसटी क्रमांक आहे, आईचं नाव आहे, आणि तरी उपयोग नाही. पुढच्या वर्षासाठी सांगतो: औषधाचे पैसे मुलीच्या किंवा मुलाच्या खात्यातून जाऊ द्या आणि बिल आईच्या नावानं घ्या.

८० डी मध्ये तिचे झाले ४१,०००.

शैक्षणिक कर्ज: बिनव्याजी म्हणजे वजावटही शून्य

सुलक्षानं उच्च शिक्षणासाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज घेतलं होतं आणि अजून हप्ते फेडते, वर्षाला ४०,०००. कलम ८० ई खाली वजावट मिळते ती फक्त व्याजाची. मुद्दलाला काहीच नाही. महामंडळाचं कर्ज बिनव्याजी आहे, त्यामुळे वजावटीला काही उरतच नाही. "मग चांगलं कर्ज घेतलं त्याची शिक्षा?" असं ती म्हणाली. शिक्षा नव्हे, जे व्याज भरलंच नाही त्यावरची वजावट नाही, एवढंच.

एनपीएसचे ५०,००० मात्र ठीक. ते टिअर-१ खात्यात ३१ मार्चपूर्वी जमा झाले आहेत. टिअर-२ मध्ये भरले असते तर ही वजावट मिळाली नसती. आणि कंपनी स्वतः तुमच्या एनपीएसमध्ये भर घालत असेल तर त्याची वजावट दोन्ही प्रणालींत मिळते. नव्या प्रणालीत तर मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत. सुलक्षाची कंपनी भरत नाही.

गोव्याची गाठ: अर्धं व्याज नवऱ्याचं, नवऱ्याचं अर्धं तुमचं

आयकर कायद्याचं कलम ५ए गोवा, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीतल्या अशा जोडप्यांसाठी आहे ज्यांना पोर्तुगीज नागरी संहितेची समाईक मालमत्ता लागू होते. पगार ज्याचा त्याच्या नावे राहतो. बाकी प्रत्येक शीर्षाखालचं उत्पन्न, म्हणजे व्याज, घरभाडं, भांडवली नफा, धंद्याचा नफा, दोघांचं एकत्र करून निम्मं-निम्मं वाटायचं. खातं कोणाच्या नावावर आहे याला महत्त्व नाही.

हे कोणाला लागू? गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे दुसरी सही होऊन नोंदणी पुरी झालेल्या, लग्नापूर्वी वेगळ्या मालमत्तेचा करार न केलेल्या गोमंतकीय जोडप्यांना. कोल्हापूरहून वेर्ण्याला नोकरीसाठी आलेल्या जोडप्यानं भाड्याच्या घरात दहा वर्षं काढली म्हणून ते आपोआप यात येत नाहीत. उलट, असा करार केलेल्या जोडप्यांनी करारपत्राची प्रत जपून ठेवावी, कारण "आम्ही यात नाही" हे दाखवण्याचा कागद तोच.

सुलक्षाच्या मुदत ठेवीवर वर्षाला ६०,००० व्याज आलं. नवऱ्याच्या ठेवीवर २०,०००. एकत्र ८०,०००, प्रत्येकी ४०,०००. वहीतल्या हिशेबात व्याज नव्हतंच. पगाराच्या हिशेबात बहुतेक जण ते विसरतात. हे ४०,००० दोन्ही प्रणालींत वाढतात, पण सारखे दुखत नाहीत. तिच्या पातळीवर नव्या प्रणालीत या रकमेवर १५ टक्के लागतात. जुन्या प्रणालीत, खरी वजावट धरली तर, ३० टक्के.

आता सगळं एकत्र ठेवू.

| | वहीत | कागदावर टिकलेलं |
|---|---|---|
| प्रमाणित वजावट (जुनी) | ५०,००० | ५०,००० |
| घरभाडं | २,६४,००० | २,०४,००० |
| ८० सी | १,५०,००० | १,५०,००० |
| ८० डी | ६८,००० | ४१,००० |
| एनपीएस | ५०,००० | ५०,००० |
| ८० ई | ४०,००० | ० |
| एकूण | ६,२२,००० | ४,९५,००० |

जुन्या प्रणालीत: १५,००,००० वजा ४,९५,०००, अधिक व्याज ४०,०००, करपात्र १०,४५,०००. पहिल्या अडीच लाखांवर काही नाही, पुढच्या अडीच लाखांवर ५ टक्के म्हणजे १२,५००, पाच ते दहा लाखांवर २० टक्के म्हणजे १,००,०००, आणि वरच्या ४५,००० वर ३० टक्के म्हणजे १३,५००. बेरीज १,२६,०००, ४ टक्के उपकर मिळवून १,३१,०४०.

नव्या प्रणालीत: १५,००,००० वजा ७५,०००, अधिक ४०,०००, करपात्र १४,६५,०००. चार लाखांपर्यंत काही नाही, चार ते आठ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, आठ ते बारा लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००, आणि वरच्या २,६५,००० वर १५ टक्के म्हणजे ३९,७५०. बेरीज ९९,७५०, उपकरासह १,०३,७४०.

वहीत जुनी प्रणाली ५,८७६ नं स्वस्त होती. खऱ्या कागदांवर ती २७,३०० नं महाग आहे.

जुनी बरोबरीला यायला काय लागलं असतं? करपात्र उत्पन्न ९,३६,२५० पर्यंत खाली यायला हवं होतं, म्हणजे आणखी १,०८,७५० ची खरी वजावट. एवढी मोठी वजावट पगारदाराला बहुधा गृहकर्जाच्या व्याजातूनच मिळते. पण त्याच शहरात स्वतःच्या घरात राहायला गेलं की घरभाड्याची दोन लाखांची सूट गेली. शिवाय घर हे शीर्षही ५ए मध्ये वाटायचं असतं, तेव्हा व्याजाची सगळी वजावट आपल्याच बाजूला धरून तुलना करू नका.

ज्यांचा पगार १२,७५,००० च्या आत आहे त्यांना ही तुलना करायची गरजच नाही, नव्या प्रणालीत कर शून्य येतो, असं सर्रास सांगतात. पगारापुरतं ते खरं आहे. पण नेमका १२,७५,००० पगार असलेल्या माणसाच्या नावे बायकोच्या ठेवीचं निम्मं व्याज १०,००० आलं की करपात्र उत्पन्न १२,१०,००० होतं आणि बारा लाखांपर्यंत कर शून्य करणारी पूर्ण सवलत जाते. सीमांत सवलतीमुळे कर ६१,५०० न होता वाढलेल्या १०,००० पुरताच राहतो, उपकरासह १०,४००. मोठी रक्कम नाही, पण "शून्य" समजून भरलंच नाही तर मागणीची नोटीस येते.

रिटर्नमध्ये अडखळण्याच्या जागा

कंपनीला "जुनी" कळवलं म्हणजे आता बदलता येत नाही, असं समजून बसणारे खूप आहेत. तसं नाही. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला दर वर्षी रिटर्न भरताना नव्यानं निवड करता येते. कंपनीनं कोणत्या दरानं कर कापला ते बंधनकारक नाही. सुलक्षाच्या कंपनीनं जानेवारीत तिचे पुरावे तपासून, टिकलेल्याच वजावटी धरून, पण व्याज न धरता, जुन्या दरानं १,१८,५६० कापले होते. तिनं रिटर्न नव्या प्रणालीत भरलं.

कोणता फॉर्म? बहुतेक पगारदार सवयीनं आयटीआर-१ उघडतात. ५ए खाली उत्पन्न वाटायचं असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. त्यात "पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे का" या प्रश्नाला "होय" म्हटल्यावर शेड्यूल ५ए उघडतं आणि जोडीदाराचं नाव, पॅन आणि वाटलेल्या रकमा मागतं. हे टाळून आयटीआर-१ भरणाऱ्यांची अडचण अशी: बँकेनं आयकर खात्याला सुलक्षाच्या पॅनवर ६०,००० व्याज कळवलेलं असतं. आयटीआर-१ मध्ये ४०,००० दाखवले तर तफावत दिसते आणि ती समजावून सांगायला तिथं जागाच नसते.

व्याज ५०,००० च्या वर गेल्यामुळे बँकेनं तिच्या नावानं १० टक्के, ६,००० कापले. उत्पन्न वाटलं तसा कापलेला करही वाटायचा. ३,००० तिचे, ३,००० नवऱ्याच्या नावे, टीडीएसच्या तक्त्यात "जोडीदार, कलम ५ए" असा पर्याय निवडून. सगळे ६,००० स्वतः घेतले आणि उत्पन्न मात्र निम्मंच दाखवलं, की परतावा अडकलाच समजा.

मग प्रणालीचा प्रश्न. पडद्यावर तो "Opting out of new tax regime" अशा शब्दांत येतो. लोक घाईत "regime" एवढंच वाचतात आणि नवी हवी म्हणून "Yes" दाबतात. "Yes" म्हणजे नव्यातून बाहेर, म्हणजे जुनी. नवी हवी असेल तर "No". एवढा महत्त्वाचा प्रश्न असा उलटा का विचारावा, हे विचारणाऱ्यालाच ठाऊक. फॉर्म पाठवण्याआधी शेवटच्या पानावर कोणत्या दरानं कर मोजला गेलाय ते नजरेखालून घाला. सुलक्षाच्या बाबतीत तिथं १,०३,७४० दिसायला हवं, १,३१,०४० दिसलं तर उत्तर उलटं पडलंय.

जुनीच निवडणाऱ्यांना दोन जास्तीची पथ्यं. एक, वजावटींसाठी पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचं नाव, भाड्याचे आणि भत्त्याचे तपशील असं बरंच काही आता रिटर्नमध्येच भरावं लागतं. "नंतर देऊ" हा प्रकार उरलेला नाही. खोटी वजावट पकडली गेली तर वाचवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. दोन, तारीख. जुनी प्रणाली हवी असेल तर रिटर्न ३१ जुलैच्या आत जायला हवं. नंतर विलंबित रिटर्न भरता येतं, पण फक्त नव्या प्रणालीत. "पाच हजार लेट फी भरली की झालं" असं समजणाऱ्यांचं इथं मोठं नुकसान होतं.

आणि इथंच एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रिटर्न अपलोड करणं म्हणजे भरणं नव्हे. ३० दिवसांत आधार ओटीपीनं किंवा अन्य मार्गानं ई-पडताळणी करायची असते. केली तर अपलोडची तारीख धरतात. ३० दिवस उलटून केली तर पडताळणीचा दिवस हाच रिटर्नचा दिवस. २८ जुलैला अपलोड केलं आणि गणपतीच्या गडबडीत ई-पडताळणी सप्टेंबरात गेली, तर ते रिटर्न सप्टेंबरचं झालं, विलंबित झालं, आणि त्यातली जुन्या प्रणालीची निवडही गेली. ओटीपी न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधारला जोडलेला जुना बंद नंबर. तो जूनमध्येच बदलून घ्या.

नवऱ्याचा किंवा बायकोचा स्वतःचा धंदा असेल, म्हणजे दुकान, टॅक्सी, गेस्ट हाऊस, तर निम्मा नफा पगारदार जोडीदाराच्या नावेही येतो. मग आयटीआर-२ पुरत नाही, आयटीआर-३ कडे जावं लागतं. जुनी प्रणाली हवी तर फॉर्म 10-IEA वेगळा भरावा लागतो आणि दर वर्षी निवड बदलण्याची मोकळीकही जाते. हे प्रकरण घरी बसून करू नका, ५ए ठाऊक असलेल्या गोव्यातल्याच सीएकडे न्या.

सुलक्षाचा शेवटचा आकडा: कंपनीनं कापलेले १,१८,५६० आणि बँकेच्या टीडीएसमधला तिचा वाटा ३,०००, मिळून १,२१,५६०. कर १,०३,७४०. परतावा १७,८२०.

नवऱ्याचं रिटर्न वेगळं, त्याची निवडही वेगळी. दोघांनी एकच प्रणाली घ्यावी असं काही नाही. त्याचा पगार ११,००,०००. नव्या प्रणालीत ७५,००० वजा करून आणि व्याजाचे ४०,००० मिळवून १०,६५,००० होतात, कर शून्य. तरी त्यालाही आयटीआर-२ च भरायचा आहे, त्याच वाटणीच्या आकड्यांचं शेड्यूल ५ए जोडून, कारण बायकोच्या ठेवीवर कापलेल्या करातले त्याच्या वाट्याचे ३,००० परत मिळतात ते फक्त त्याच्या रिटर्नमधून.